कासवाची पाठ की सेल्युलॉइड? जुनी डबी, काठी आणि चष्म्याचा काळ कसा ठरवायचा

प्रश्न: घरातल्या जुन्या पेटीत तीन वस्तू सापडल्या. पिवळ्या-तपकिरी डागांची अंडाकृती तपकिरीची डबी. झाकणाच्या कडेला चांदीसारखी पातळ पट्टी, त्यावर छाप नाही. वेताची काठी; मूठ पांढरी, तिच्यावर बारीक समांतर रेषा, मुठीखालच्या चांदीच्या कडीवर नांगर, चालता सिंह, एक अक्षर आणि दोन आद्याक्षरं. आणि एक लोखंडी चष्मा. काचा लांबट गोल, काड्यांच्या टोकाला गोल कड्या, एका काडीवर १६ कोरलेलं. उजव्या काचेतून दाराची चौकट तिरकी दिसते. घरचे म्हणतात डबी कासवाच्या पाठीची, मूठ हस्तिदंती आणि सगळं दोनशे वर्षांपूर्वीचं. एकाने गरम सुई टोचून पाहायला सांगितलंय. टोचू का? आणि काळ कसा ठरवू?

उत्तर:

सुई टोचू नका. वस्तूचं नुकसान नक्की होतं आणि त्या बदल्यात माहिती फार थोडी मिळते. कासवाची पाठ आणि शिंग, दोन्ही केराटिनची. आपली नखं आणि केस ज्याचे असतात तेच द्रव्य. सुई लागली की दोन्हींना केस जळल्याचा वास येतो. म्हणजे डबी कासवाची की शिंगाची हा मुख्य प्रश्न तसाच राहतो आणि डबीला कायमचं भोक पडतं. मुठीच्या बाबतीत धोका आणखी मोठा आहे. तुम्ही लिहिलेल्या रेषांवरून मला ती मूठ सेल्युलॉइडची वाटते. सेल्युलॉइड हे नायट्रोसेल्युलोज आणि कापूर मिळून बनतं. तापलेलं टोक लागलं की ते भडकू शकतं आणि पेटलं की फार वेगाने जळतं.

या तिन्ही वस्तूंसाठी दहापट मोठं दाखवणारं भिंग, बारीक झोताची टॉर्च, मोजपट्टी आणि दिवसाचा उजेड एवढं पुरतं. 

तपासायला बसण्याआधी दोन प्रश्न वेगळे करून घ्या. वस्तू कशाची आहे हा एक, आणि कधीची आहे हा दुसरा. कशाची आहे हे कळल्याने काळाची फक्त खालची मर्यादा मिळते, तीही पदार्थ मानवनिर्मित असेल तरच. जो पदार्थ १८७० च्या आसपास बाजारात आला, तो १८२० च्या वस्तूत असू शकत नाही. नैसर्गिक पदार्थांचं तसं नसतं. कासवाची पाठ, शिंग, हाड, वेत ही शतकानुशतकं वापरात होती, त्यामुळे त्यांच्यावरून साल निघत नाही. तिथे घडण बघावी लागते. आणि एक नियम शेवटपर्यंत सोडायचा नाही: वस्तूचा काळ तिच्या सर्वांत नव्या मूळ भागावरून ठरतो. ‘मूळ’ हा शब्द यात महत्त्वाचा आहे, कारण नंतर बदललेली काच किंवा नंतर बसवलेली कडी दुरुस्तीचा काळ सांगते, वस्तूचा नाही.

काठीपासून सुरू करू, कारण तिन्हींत सर्वांत जास्त पुरावा तिच्यावरच आहे.

हस्तिदंत रंगावरून ओळखता येत नाही, पोतावरून येतो. हत्तीचा सुळा आडवा कापला की कापलेल्या तोंडावर एकमेकींना छेदणाऱ्या वक्र रेषांची जाळी दिसते. त्यांना श्रेगर रेषा म्हणतात. सुळ्याच्या बाहेरच्या कडेजवळ या रेषा जिथे छेदतात तिथे त्यांचा कोन आजच्या हत्तींमध्ये बहुधा ११५ अंशांहून मोठा असतो आणि मॅमथच्या दातात ९० अंशांहून लहान. ही जाळी फक्त आडव्या कापावर दिसते. म्हणून मुठीच्या लांब बाजूंवर वेळ घालवू नका. मूठ आडवी असेल तर तिच्या दोन्ही टोकांची तोंडं पाहा, गोल गोळा असेल तर माथा पाहा. सुळ्याच्या लांबीच्या दिशेने हस्तिदंतावर रेषा असतात, पण त्या फिक्या, किंचित लहरी आणि कमीजास्त जाडीच्या असतात. कुठे दाट होतात, कुठे विरून जातात.

तुमच्या मुठीवरच्या रेषा ‘बारीक समांतर’ आहेत. घरच्यांनी त्यांच्यावरूनच हस्तिदंत म्हटलं असणार, पण नेमक्या त्यांच्यामुळेच मला शंका आली. सेल्युलॉइडला हस्तिदंताचं रूप देण्यासाठी दुधी आणि किंचित गडद अशा पातळ थरांची चळत दाबून एकजीव करत आणि मग त्यातून मुठी, कंगवे, आरशांच्या पाठी कापत. कापल्यावर थरांच्या कडा रेषा म्हणून दिसतात. त्या सरळ असतात, त्यांच्यातलं अंतर जवळपास सारखं असतं आणि त्या एकमेकींना कुठेच छेदत नाहीत. हा माल ‘फ्रेंच आयव्हरी’, ‘आयव्हरीन’ अशा नावांनी उघडपणे विकला जात असे, त्यामुळे तुमच्या घरात कोणी फसवणूक केली असं समजायचं कारण नाही.

पडताळणी अशी करा. मुठीचं टोक टॉर्चच्या तिरप्या झोतात धरून भिंगातून बघा. छेदणारी जाळी दिसली नाही आणि बाजूवरच्या रेषा टोकापर्यंत तशाच सरळ जात असतील, तर हस्तिदंत बाद. मग अंगठ्याने मुठीचा एक कोपरा जोराने, गरम लागेपर्यंत घासा आणि लगेच वास घ्या. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड नक्की. पण वास आला नाही म्हणून सेल्युलॉइड नाही असं म्हणता येत नाही, कारण फार जुन्या तुकड्यातला कापूर उडून गेलेला असतो. अशा वेळी मुठीच्या आत, कडीच्या जोडाजवळ बघा. सेल्युलॉइड जुनं झालं की त्यात जाळीदार बारीक भेगा पडतात आणि त्यातून निघणारी आम्लयुक्त वाफ शेजारच्या धातूला खाते. कडीच्या वरच्या कडेला हिरवट थर साचला असेल तर त्याचा अर्थ तोच.

अतिनील टॉर्च असेल तर अंधारात तिचाही उपयोग होतो. हस्तिदंत आणि हाड निळसर पांढरे उजळतात, सेल्युलॉइड बहुधा मंद राहतं. तरी मी ही चाचणी दुजोऱ्यापुरतीच ठेवतो, कारण मेण, तेल किंवा जुनं पॉलिश अंगावर असलं की खरा हस्तिदंतही पिवळट, मळकट दिसतो.

हाडाची शक्यता इथे कमी आहे. हाडात रक्तवाहिन्यांच्या सूक्ष्म नळ्या असतात; आडव्या तोंडावर त्या बारीक टिंबांसारख्या आणि बाजूवर तुटक रेघोट्यांसारख्या दिसतात, आणि त्यात मळ बसल्याने काळपट झालेल्या असतात. एकदा पाहिल्या की पुन्हा गफलत होत नाही. दक्षिण अमेरिकेतल्या एका ताडवर्गीय झाडाची बीही हस्तिदंतासारखी कोरली जायची, पण ती लहान असते. गोळा किंवा गुंडी तिच्यातून निघते, आडवी लांब मूठ निघत नाही.

मूठ सेल्युलॉइडची ठरली तर खालची मर्यादा आपोआप येते. अलेक्झांडर पार्क्सने या जातीचा पहिला पदार्थ १८६२ च्या लंडन प्रदर्शनात मांडला, पण तो धंद्यात टिकला नाही. जॉन वेस्ली हायट याच्या प्रयत्नांतून १८७० च्या दशकात अमेरिकेत सेल्युलॉइडचा कारखानी माल सुरू झाला. म्हणजे मूठ १८७० च्या आधीची नाही.

आता कडी. तिच्यावरचा नांगर म्हणजे बर्मिंगहॅमच्या चांदी तपासणी कार्यालयाची खूण. हे कार्यालय १७७३ मध्ये सुरू झालं. डावीकडे तोंड करून चालणारा सिंह म्हणजे ९२.५ टक्के शुद्धतेची स्टर्लिंग चांदी. दोन आद्याक्षरं बनवणाऱ्याची, आणि सुटं अक्षर वर्षाचं. तुमच्या वर्णनात सर्वांत महत्त्वाची गोष्ट आहे ती न दिसलेली खूण. १७८४ ते १८९० या काळात ब्रिटनमध्ये चांदीवर कर होता आणि तो भरल्याची खूण म्हणून राजाच्या किंवा राणीच्या मुखवट्याचा छाप मारत. तुम्ही चार खुणा लिहिल्या आहेत, मुखवटा नाही. तो खरंच नाही ना हे आधी नक्की करा. कडी पातळ पत्र्याची असते. ती वळवताना किंवा पुढे पॉलिश करताना एखादा छाप अर्धा पुसला जातो. पूर्ण वळसा घालून भिंगाने बघा. मुखवटा नसेल तर कडी एकतर १७८४ च्या आधीची किंवा १८९० च्या नंतरची. सेल्युलॉइडच्या मुठीबरोबर पहिली शक्यता उरतच नाही, म्हणून १८९० नंतरची.

नेमकं साल अक्षर देईल, पण फक्त अक्षर वाचून नव्हे. अक्षरमाला संपली की तीच पुन्हा सुरू होते, फक्त अक्षराचं वळण आणि भोवतीच्या चौकटीचा आकार बदलतो. एकच ‘सी’ वेगवेगळ्या फेऱ्यांत पंचवीस-पंचवीस वर्षांच्या अंतराने येतो. म्हणून अक्षराचा फोटो काढताना चौकटीच्या चारही कडा स्पष्ट येऊ द्या; अक्षर मोठं की लहान, जाड की गॉथिक हे लिहून ठेवा आणि बर्मिंगहॅमच्याच तक्त्याशी ताडा. लंडन किंवा शेफिल्डचा तक्ता घेतला तर तेच अक्षर वेगळं साल सांगेल. १९७५ पूर्वी हे अक्षर वर्षाच्या मध्यात बदलत असे, त्यामुळे उत्तर दोन लागोपाठच्या सालांच्या जोडीत मिळतं.

इथे एक सापळा आहे. चांदीचा मुलामा दिलेल्या वस्तूंवर अनेक कारखानदार चार-पाच लहान चौकटींत अक्षरं मारत आणि घाईत पाहणाऱ्याला ती शुद्ध चांदीची खूण वाटते. चालता सिंह मात्र मुलाम्यावर मारायची परवानगी नव्हती. तुम्हाला सिंह दिसला असेल तर बरं. पण शंका असेल तर जिथे हात सर्वांत जास्त लागतो ती कड बघा. खाली पिवळं पितळ किंवा करडा निकेलमिश्र धातू उघडा पडला असेल तर विजेचा मुलामा, आणि तो एल्किंग्टनच्या १८४० च्या पेटंटनंतरचा. लाल तांबं डोकावत असेल तर ते त्याआधीच्या, चांदीचा पत्रा तांब्यावर चिकटवण्याच्या शेफिल्ड पद्धतीचं असू शकतं.

कडी मूळची आहे का, हे विसरू नका. तुटलेल्या मुठीच्या जागी दुसरी मूठ आणि सांधा झाकायला नवी कडी, हे काठ्यांच्या बाबतीत फार घडलं आहे. कडीच्या खालच्या कडेला वेतावर जुन्या, रुंद कडीची फिकी सावली दिसते का, न वापरलेलं खिळ्याचं भोक बुजवलेलं आहे का, कडी आणि मूठ यांची झीज एकमेकींना जुळते का, ते बघा. वर्षानुवर्षं एकत्र वापरलेल्या मुठीची आणि कडीची झीज एकाच बाजूला असते, कारण हात एकाच बाजूने बसतो.

वेताबद्दल थोडक्यात. मलाक्का वेत असेल तर त्याच्या अंगाने एक लांब उभा कंगोरा जाणवतो आणि पेरं इतकी लांब असतात की काठीभर एखादीच गाठ येते. त्यावरून साल कळत नाही. खालची शेंबी मात्र बोलकी असते. १८ व्या शतकातल्या काठ्यांना चिखलासाठी लांबलचक पितळी शेंबी असायची. पुढे ती आखूड होत गेली. शेंबी अगदी नवी वाटत असेल आणि काठी उभ्या माणसाला आखूड पडत असेल, तर ती कधीतरी खालून कापली आहे.

तुमच्या तीन वस्तूंतली काठी म्हणून १८९० नंतरची, आणि अशा सेल्युलॉइडच्या मुठींची लाट बघता बहुधा विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन-तीन दशकांतली. दोनशे वर्षांची ती नाही.

डबीकडे येऊ. इथे भिंग खरं काम करतं. झाकण उजेडासमोर धरा आणि गडद डाग जिथे पिवळ्या भागात मिसळतो ती सीमा बघा. खऱ्या कासवाच्या पाठीत रंग जुन्या वर्तमानपत्रातल्या छायाचित्रासारखा बारीक ठिपक्यांनी बनलेला असतो. डागाच्या मध्यात ठिपके दाट, कडेकडे विरळ, आणि शेवटी सुटे. सेल्युलॉइडच्या नकलेत रंगीत तुकडे एकमेकांत मिसळलेले असतात, म्हणून डागाला सलग, धारदार कड असते किंवा ढवळलेल्या रंगाचे फराटे दिसतात, कधी आत हवेचे बुडबुडेही. रंगवलेल्या शिंगात तिसरंच दिसतं. शिंगाला स्वतःचा पोत असतो, वाढीच्या दिशेने जाणाऱ्या लांब तंतूंचा, आणि तपकिरी डाग त्या तंतूंवर वरून बसवलेले असतात. झाकणाची आतली बाजू बघा. डाग आरपार न जाता फक्त बाहेर असतील, आणि कडेला पापुद्रे सुटत असतील, तर शिंग.

कधी डबीचं झाकण कासवाच्या पाठीचं आणि बूड साध्या शिंगाचं असतं, कारण बूड कोणी पाहत नाही. म्हणून दोन्ही वेगवेगळे तपासा.

आणखी एक खूण मला फार भरवशाची वाटते, कारण ती बनावट करावी असं कोणाला सुचत नाही. केसाळ अळ्यांच्या जातीचे भुंगे आणि कपडे खाणारे पतंग केराटिन खातात. पेटीत वर्षानुवर्षं पडलेल्या कासवाच्या किंवा शिंगाच्या डबीच्या कडेला त्यांनी कुरतडलेले उथळ, गोलसर चर सापडतात. सेल्युलॉइड ते खात नाहीत. असा चर दिसला तर वस्तू नैसर्गिक, आणि तुमच्या पेटीत अळ्यांचा बंदोबस्त करायला हवा हेही त्यातून कळतं.

समजा ठिपके दिसले आणि डबी खरोखर कासवाची निघाली. तरी साल मिळालेलं नाही. कासवाची पाठ गरम पाण्यात मऊ करून साच्यात दाबता येते आणि उष्णतेने एकमेकींना सांधताही येते; हे कसब १८ व्या शतकाच्या सुरुवातीला लंडनमध्ये पूर्ण विकसित झालं होतं आणि पुढेही दीर्घकाळ चालू राहिलं. म्हणून आता घडण बघा. आधी ही डबी तपकिरीचीच आहे का ते ठरवा. तपकिरीच्या डबीचं झाकण घट्ट बसतं, कारण आत हवा गेली की तपकीर कोरडी पडते. आतले कोपरे गोलसर असतात, चिमूट काढताना बोट अडू नये म्हणून. बिजागरीच्या खाचेत आणि सांध्यात तपकिरी पूड घट्ट बसलेली सापडते. बाहेर खरखरीत घासपट्टी असती तर ती काडेपेटी, आणि झाकणाच्या आत आरसा असता तर चेहऱ्यावर लावायच्या काळ्या टिकल्यांची डबी म्हटली असती. आतली पूड धुऊन काढू नका, वापराचा तोच पुरावा आहे.

झाकणाच्या पट्टीवर छाप नाही याने निराश होऊ नका. हलक्या, लहान चांदीच्या भागांना छापातून सूट असे, त्यामुळे छाप नसणं म्हणजे चांदी नसणं असं होत नाही. पट्टीचे जोड बघा. ती कशी धरली आहे? बारीक खिळे असतील तर त्यांची डोकी एकसारखी आहेत की हाताने ठोकून थोडी वेडीवाकडी झालेली? बिजागरीच्या नळ्या समान लांबीच्या आहेत की कानशीने जुळवून घेतल्याच्या खुणा आहेत? स्क्रू असेल तर डोक्यावरची खाच मधोमध आहे की किंचित बाजूला? हाताने कापलेली खाच बहुधा मध्य चुकवते. हातकामाच्या खुणा जितक्या जास्त, तितकी डबी १९ व्या शतकाच्या मध्याच्या आधी सरकते. त्या पुढच्या काळात सिगार आणि मग सिगारेट आली, तपकिरीची चलती ओसरली, आणि अशा कष्टाने केलेल्या खिशातल्या डब्या कमी झाल्या. सगळ्या खुणा हातकामाच्या निघाल्या तर मी तुमच्या डबीला १८ व्या शतकाचा उत्तरार्ध ते १९ व्या शतकाचा मध्य एवढा पट्टा देईन. छापाशिवाय याहून अरुंद पट्टा कोणी सांगितला तर त्याला आधार विचारा.

आता चष्मा. हा मला तिन्हींत सर्वांत आवडला, कारण त्याची चौकट आणि काच एकमेकींशी भांडत आहेत.

कानाकडे जाणाऱ्या ताठ काड्या लंडनमध्ये १७२० च्या दशकाच्या अखेरीस आल्या. सुरुवातीच्या काड्या आखूड होत्या. त्या कानामागे जात नसत, कपाळाच्या बाजूला दाबून बसत. टोचू नये म्हणून टोकाला मोठी गोल कडी केलेली असे. पुढे काड्या लांबल्या, कडी लहान होत गेली, कधी अश्रूच्या आकाराची झाली; तिच्यात फीत ओवून डोक्यामागे बांधता येई. कानाभोवती वळणारी लवचीक तारेची काडी त्यानंतर, १९ व्या शतकाच्या उत्तरार्धातली. काचांचा आकारही मदत करतो: आधी गोल, मग १९ व्या शतकाच्या पूर्वार्धात लांबट गोल. तुमची चौकट लोखंडी किंवा पोलादी, काचा लांबट गोल आणि टोकाला कड्या. कड्या लहान असतील तर १८०० ते १८५० च्या दरम्यान ती बसते. काड्या मध्ये दुमडणाऱ्या किंवा सरकणाऱ्या असतील तर हा पट्टा आणखी पक्का होतो.

काडीवरचा १६ हा काचेचा क्रमांक आहे आणि तो इंचांत मोजलेलं केंद्रांतर सांगतो. डायॉप्टर हे माप १८७२ मध्ये सुचवलं गेलं, त्याआधी चष्मे इंचांनीच ओळखले जात. १६ इंच म्हणजे सुमारे ४० सेंटिमीटर, आजच्या हिशेबात साधारण अधिक २.५; उतारवयात जवळचं वाचायला लागणारा नंबर. हे तपासता येतं. दिवसा खिडकीच्या समोरच्या भिंतीजवळ उभे राहा, चष्मा भिंतीसमोर धरा आणि पुढेमागे करा. डाव्या काचेतून खिडकीची उलटी, लहान प्रतिमा भिंतीवर स्पष्ट पडेल तिथे काच आणि भिंत यांतलं अंतर मोजा. खिडकी जितकी लांब तितकं माप खरं येईल. खिडकी जवळ असली तर अंतर थोडं जास्त भरतं. ४० सेंटिमीटरच्या आसपास आलं तर डावी काच काडीवरच्या आकड्याशी जुळते, आणि म्हणून बहुधा मूळची आहे.

उजव्या काचेने मात्र तुम्ही म्हणता तशी चौकट तिरकी दिसते. चष्मा डोळ्यांपासून हातभर लांब धरा, दाराच्या उभ्या कडेकडे उजव्या काचेतून बघा आणि चष्मा चक्रासारखा सावकाश फिरवा. काचेतून दिसणारी कड बाहेरच्या कडेपासून तुटून कात्रीच्या पात्यांसारखी उघडत-मिटत असेल तर ती दंडगोल काच आहे, डोळ्याच्या बुबुळाची वक्रता सगळीकडे सारखी नसलेल्यांसाठीची. अशी काच जॉर्ज एअरी या खगोलशास्त्रज्ञाने १८२५ मध्ये स्वतःच्या डोळ्यासाठी करून घेतली, पण सर्वसाधारण चष्म्यांत ती रुळली ती डॉन्डर्स या डच नेत्रवैद्याच्या १८६० च्या दशकातल्या कामानंतर. चौकट १८५० च्या आधीची आणि काच तिच्यानंतरची, असं निघालं तर सरळ अर्थ एवढाच की कुणीतरी जुनी चौकट आवडीने किंवा काटकसरीने वापरत राहिलं आणि उजव्या डोळ्याची काच नव्या तपासणीनुसार बदलून घेतली. काचेच्या कडेला चौकटीत बसवताना उडालेल्या टवक्या आणि डाव्या-उजव्या काचेच्या जाडीतला किंवा हिरवट छटेतला फरक या निष्कर्षाला दुजोरा देईल. काच उघडून पाहायचा मोह टाळा. गंजलेला स्क्रू फिरवला की त्याचं डोकं तुटतं.

इथे नव्या काचेने चष्म्याचा काळ पुढे ढकलायचा नाही. ती मूळ भाग नाही. नोंद करताना मात्र दोन्ही लिहा: चौकट १९ व्या शतकाचा पूर्वार्ध, उजवी काच नंतरची.

म्हणजे घरच्यांचं ‘दोनशे वर्षं’ चष्म्याच्या चौकटीला लागू पडू शकतं, डबीलाही कदाचित, काठीला नाही.

डबी कासवाची निघाली तर एक गोष्ट लक्षात ठेवा. ही पाठ चपट्या, चोचीच्या समुद्री कासवाची असते आणि त्या जातीच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीवांच्या व्यापाराविषयीच्या करारानुसार १९७७ पासून बंदी आहे. वस्तू कितीही जुनी असली तरी ती देशाबाहेर नेण्याआधी किंवा विकण्याआधी परवानगीची चौकशी करावी लागते. घरात जपून ठेवायलाही काही देशांत नोंदणी लागते, तेही विचारून घ्या.

आणि आजच एक काम करा: मूठ सेल्युलॉइडची ठरो वा न ठरो, काठी त्या पेटीतून बाहेर काढा. सेल्युलॉइडमधून निघणारी आम्लयुक्त वाफ बंद पेटीत साचते आणि चष्म्याचं पोलाद, डबीची चांदी, दोन्ही खाते. काठी हवेशीर, थंड, उन्हापासून दूर अशा जागी आडवी ठेवा, दिव्याच्या किंवा हीटरच्या जवळ नको. डबीला तेल लावू नका, चष्मा कोरड्या मऊ कापडाने पुसा आणि सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवा. मुठीच्या टोकाचा, कडीवरच्या चारही खुणांचा आणि झाकण उजेडासमोर धरलेला असे तीन जवळून काढलेले फोटो, शेजारी मोजपट्टी ठेवून, मिळाले तर कडीचं साल नेमकं सांगता येईल आणि डबीचा पट्टाही थोडा आवळता येईल.